आभाराच्या मेलमधला अर्ज

चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या कारखान्यांत इंजिनिअरची जागा भरायची असेल तर मुलाखतीला सहसा तिघं बसतात. ज्याच्या हाताखाली माणूस जाणार तो विभागप्रमुख, प्लँट हेड किंवा त्याच्या तोडीचा कोणी, आणि एचआर. मी क्वालिटीत आहे, त्यामुळे त्या तीन खुर्च्यांपैकी एकीवर बसायची पाळी माझ्यावर वरचेवर येते. उमेदवार दाराबाहेर पडला की एचआरने दिलेला एक कागद भरायचा असतो. विषयाचं ज्ञान किती, अनुभव कामाचा आहे का, बोलणं कसं, टिकेल का, असे रकाने. तळाला तीन चौकोन: सिलेक्ट, होल्ड, रिजेक्ट. बहुतेक जण हा कागद तिथल्या तिथे भरून टाकतात, कारण पुढचा उमेदवार बाहेर ताटकळत असतो आणि लाइन थांबल्याचा फोन वाजत असतो.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे मुलाखतीनंतरचा आभाराचा मेल पोचतो तेव्हा हा कागद भरून झालेला असतो. त्या मेलने रिजेक्टचं सिलेक्ट झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. फरक पडलाच तर मधल्या चौकोनात पडतो. दोन-तीन उमेदवार जवळपास सारखे वाटलेले असतात, शेवटचं बोलणं चार-सहा दिवसांनी कधीतरी होतं, आणि तोवर चेहरे एकमेकांत मिसळून गेलेले असतात. 'तो बारामतीचा मुलगा म्हणजे कोण रे, तो लीक टेस्टवर चांगलं बोलला तो की दुसरा?' अशा वेळी मेलमधली एक नेमकी ओळ कोणाला तरी आठवते. आभाराच्या मेलची ताकद एवढीच आहे. ती मर्यादा माहीत असली की माणूस त्या चार ओळींवर नको तेवढा भार टाकत नाही.

उलट बाजूची ताकद मात्र जरा जास्त आहे. चांगला मेल थोडीशी मदत करतो, पण वाईट मेल बऱ्यापैकी नुकसान करतो. होल्डवर असलेल्या मुलाचा घायकुतीला आलेला मेल वाचून समोरचा म्हणतो, 'ह्याला दुसरीकडे कोणी घेत नाही वाटतं.' हे अन्यायाचं आहे. नोकरीची गरज असणं हा काही दोष नाही. पण घडतं असंच.

माझ्या भाच्याने मध्यंतरी अशीच एक मुलाखत दिली. आमच्या कंपनीत नव्हे, दुसरीकडे. जागा होती सप्लायर क्वालिटी इंजिनिअरची, म्हणजे बाहेरच्या व्हेंडरकडून येणाऱ्या मालाची जबाबदारी. सकाळी मुलाखत झाली आणि रात्री त्याचा फोन आला, 'मावशी, थँक यू मेल लिहिलाय, पाठवायच्या आधी एकदा बघ ना.' मेल अर्थातच इंग्रजीत होता. आपल्याकडे मुलाखत अर्धीअधिक मराठीत झाली तरी मेल इंग्रजीतच लिहितात. इथे त्याचा मजकूर मराठीत देते, शब्दाला शब्द नसला तरी सूर तोच आहे:

'आदरणीय सर / मॅडम, आपल्या नामांकित कंपनीत मुलाखतीची संधी दिल्याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे. आपल्या मौल्यवान वेळेबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. मला व्हेंडर क्वालिटीचा साडेतीन वर्षांचा अनुभव असून मी मेहनती, प्रामाणिक आणि संघभावनेने काम करणारा आहे. या पदासाठी मी योग्य उमेदवार आहे याची मला खात्री आहे. मला एक संधी दिल्यास मी तिचं सोनं करीन. माझ्या उमेदवारीचा सहानुभूतीपूर्वक विचार करावा ही नम्र विनंती. आपल्या सकारात्मक उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहे. पुन्हा एकदा धन्यवाद.'

हा मजकूर मला ओळखीचा वाटला, आणि तो मेलमुळे नव्हे. शाळेत आपण सगळ्यांनी तो लिहिलेला आहे. मागणीपत्र, विनंतीपत्र, तक्रारपत्र. प्रति, माननीय अमुक तमुक, विषय, महोदय, आणि शेवटी 'ही नम्र विनंती'. औपचारिक पत्र म्हटलं की आपल्या हाताला अर्जाचंच वळण आहे, कारण मोठ्या माणसाला लिहायचं ते काहीतरी मागायलाच, हे आपण चौदाव्या-पंधराव्या वर्षी शिकून बसतो. मग पुढे आभार मानायला बसलं तरी पेन आपोआप अर्जाकडे वळतं. भाच्याच्या मेलमध्ये आभार सुरुवातीला आणि शेवटी होते, आणि मधला सगळा भाग अर्ज होता.

मी त्याला म्हटलं, प्रत्येक वाक्यापुढे एक खूण कर. हे वाक्य समोरच्याला काही देतं, की त्याच्याकडून काही मागतं? संधी द्या, विचार करा, उत्तर द्या, ही तर उघड मागणी. 'मी मेहनती आहे' हीसुद्धा मागणीच, कारण त्यात 'माझ्यावर विश्वास ठेवा' असं म्हटलेलं आहे आणि विश्वास ठेवायला काही दिलेलं नाही. 'मी योग्य उमेदवार आहे याची मला खात्री आहे' हे वाक्य तर पॅनेलला जरा टोचतंच. ते ठरवायलाच तर तिघं बसले होते! खुणा करून झाल्यावर देणारं एकच वाक्य उरलं, वेळेबद्दलच्या धन्यवादाचं. आणि तेही असं, की कुठल्याही कंपनीला, कुठल्याही दिवशी पाठवता आलं असतं.

लोकांना वाटतं की 'आतुरतेने', 'नम्र' असले शब्द काढून टाकले म्हणजे मेल लाचार वाटत नाही. तसं नाही. साध्या, कोरड्या शब्दांत पाच वेळा मागितलं तरी ते लाचारच वाटतं. आणि एखादा उमेदवार 'परवाच्या चर्चेत मजा आली' असं अगदी मोकळेपणाने लिहितो, त्यात भावना असूनही ते खटकत नाही.

'मग लिहू काय?' तो वैतागला. मी विचारलं, मुलाखतीत काय काय झालं ते सांग. इथून पुढचा अर्धा तास मेलचा विषयच निघाला नाही, आणि खरा मेल त्या अर्ध्या तासातच तयार झाला.

प्लँट हेडने त्याला एक प्रसंग घालून दिला होता. व्हेंडरकडून अ‍ॅल्युमिनियमचं प्रेशर डाय कास्ट हाउसिंग येतं, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून केलेलं कवच. आपल्याकडे त्याचं मशीनिंग होतं आणि नंतर लीक टेस्ट. कच्चा माल आवक तपासणीत पास होतोय, पण मशीनिंगनंतर लीक टेस्टला भाग फेल जायला लागलेत. पहिल्या दिवशी काय करशील? भाच्याने उत्तर बरं दिलं होतं. आधी संशयित लॉट बाजूला काढीन, लाइनवर आणि वाटेत असलेला माल मोजीन, व्हेंडरला कळवीन, चांगला माल वेगळा ओळखू येईल अशी सोय करीन. प्लँट हेडने मान डोलावली. मग क्वालिटी मॅनेजर बाईंनी विचारलं, 'आत भोकं आहेत हे कळलं. ती गॅसची की श्रिंकेजची, हे कसं ओळखणार?' इथे त्याची गाडी अडली. 'एक्स-रे करीन,' एवढं म्हणून तो थांबला. बाईंनी 'बरं' म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. ते 'बरं' त्याला दिवसभर छळत होतं.

'आता येतं का उत्तर?' मी विचारलं. येत होतं. घरी येऊन त्याने वाचलं होतं, आणि खरं तर पूर्वीच्या नोकरीत डोळ्यांनी पाहिलंही होतं, फक्त खोलीत आठवलं नव्हतं. फेल गेलेला भाग जिथे गळतो तिथे कापायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि भिंगाखाली धरायचा. भोकं गोलसर आणि आतून गुळगुळीत दिसली तर ती अडकलेल्या हवेची किंवा वायूची. वेडीवाकडी, काटेरी कडांची असली आणि जाड भागात जमलेली असली तर धातू थिजताना आकसल्याची. कारण वेगळं म्हणून उपायही वेगळा. पहिल्या प्रकारात हवा बाहेर जायच्या वाटा, शॉटचा वेग आणि डायवर मारलेलं वंगण तपासायचं. दुसऱ्यात जाड भागाचं कूलिंग आणि शेवटचा दाब.

इथे प्रश्न असा येतो की चुकलेलं उत्तर आभाराच्या मेलमध्ये दुरुस्त करावं का. एचआरवाले सरसकट नको म्हणतात. माझं मत जरा वेगळं आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर अर्धवट राहिलं आणि जो कामाच्या गाभ्याशी आहे, असा एकच प्रश्न घ्यावा आणि दोन-तीन ओळींत पुरा करावा. त्यात माफी नको. 'त्या वेळी घाबरल्यामुळे सांगता आलं नाही, क्षमस्व' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात घाबरणंच राहतं, उत्तर राहत नाही. आणि तीन-तीन उत्तरं दुरुस्त करत बसणं म्हणजे मुलाखत बिघडल्याचं स्वतःच्या सहीने लिहून देणं. शिवाय पॅनेलला हे उघड कळतं की घरी जाऊन शोधलंय. त्यात लपवण्यासारखं काही नाही. कामावरही माणूस हेच करतो, प्रश्न घरी नेतो आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन येतो. फक्त ते तसं दिसलं पाहिजे. 'मला तेव्हाच माहीत होतं' असा आव आणला की संपलं.

मग आम्ही क्वालिटी मॅनेजर बाईंना लिहायचा मेल असा केला:

'मॅडम, गॅस आणि श्रिंकेज कसं ओळखणार या आपल्या प्रश्नाला मी काल फक्त एक्स-रे म्हटलं होतं. भोक कुठे आहे ते एक्स-रेने कळेल, पण कशाचं आहे ते ठरवायला मी गळणाऱ्या जागी सेक्शन कापून भोकांचा आकार पाहीन. गोल आणि गुळगुळीत असतील तर व्हेंडरकडे व्हेंटिंग आणि शॉट प्रोफाइलपासून सुरुवात, वेडीवाकडी आणि जाड भागात असतील तर कूलिंग आणि दाबापासून. हा प्रश्न घरी येईपर्यंत डोक्यात होता. कालच्या चर्चेबद्दल आभार.'

आभार एकदाच, शेवटी, तीन शब्दांत. आणि मेलची पहिली ओळ थेट विषयाची. ह्याला एक अगदी व्यवहारी कारण आहे. प्लँटमधली माणसं मेल मोबाइलवर वाचतात, लाइनवर उभ्या उभ्या, आणि उघडायच्या आधी त्यांना मजकुराची जेमतेम पहिली ओळ दिसते. तिथे 'मुलाखतीची संधी दिल्याबद्दल' दिसलं तर तो मेल नंतर वाचायचा म्हणून राहतो आणि पुढे तसाच राहतो. स्वतःच विचारलेला प्रश्न दिसला तर माणूस उघडतोच.

भाच्याचा पहिला बेत होता की एकच मेल तिघांना पाठवावा, फक्त वरचं नाव बदलून. हे फार जण करतात आणि फार सहज पकडलं जातं. पॅनेलवाले असे मेल बहुधा एचआरकडे पुढे पाठवतात, 'फाइलला लावा' म्हणून. तीन जुळे मेल एका इनबॉक्समध्ये एकाखाली एक येऊन पडले की त्यांतला एकही खरा वाटत नाही. माझ्यासमोर एकदा असा मेल आला होता ज्यात नाव माझं आणि मजकुरात उल्लेख 'सर' असा होता. त्यापेक्षा तिघांना मिळून एकच मेल पाठवावा, सगळ्यांची नावं वर ठेवून. वेगवेगळं लिहिण्याइतका मजकूर नसेल तर हाच मार्ग प्रामाणिक. भाच्याकडे मजकूर होता, म्हणून वेगळे लिहिले.

प्लँट हेडला त्याने काय लिहावं? त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तर पुरं झालं होतं. मी विचारलं, ते बोलताना तुला नवीन काय कळलं? थोडा वेळ आठवून तो म्हणाला, 'ते म्हणाले, व्हेंडरला फोन लावायच्या आधी आपलं मशीनिंग बघा. डाय कास्टिंगची वरची कातडी घट्ट असते, आपणच ती जास्त काढली तर आतली भोकं उघडी पडतात.' बरोबर आहे. म्हणून तर मशीनिंग अलाउन्स, म्हणजे मशीनवर काढायच्या धातूची जाडी, कमी ठेवतात. अलाउन्स वाढला किंवा भाग फिक्स्चरमध्ये तिरका बसला की एका बाजूने जास्त धातू निघतो, आणि व्हेंडरच्या नावाने बोंब मारण्यात आठवडा जातो. भाच्याने लिहिलं, 'व्हेंडरकडे बोट दाखवण्याआधी आपण किती धातू काढतोय ते मोजायचं, हे आपण सांगितलेलं माझ्या यादीत नव्हतं. आता पहिलं आहे. त्याबद्दल विशेष आभार.' एवढंच. ह्यात त्याने स्वतःबद्दल काही सिद्ध केलं नाही, पण ऐकून घेणारा माणूस आहे हे कळतं. ते 'मी शिकण्यास उत्सुक आहे' असं लिहून कधीच कळलं नसतं.

एचआरला तिसरा मेल, तो निव्वळ कामाचा. मुलाखतीत त्यांनी नोटीस पिरियड विचारला होता आणि भाच्याने 'साठ दिवस, पण कमी होऊ शकेल' असं मोघम सांगितलं होतं. एचआरच्या कानाला हे 'होऊ शकेल' फार खटकतं, कारण रुजू होण्याच्या तारखेवर त्यांचं सगळं गणित असतं. त्याने आपलं नेमणूकपत्र उघडून पाहिलं. उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर सुटण्याची सोय त्यात लिहिलेली होती. मग लिहिलं, 'नोटीस 60 दिवसांची आहे. नेमणूकपत्रात बायआउटची तरतूद आहे, पण व्यवस्थापकांची संमती लागते, म्हणून आत्ता 60 दिवसच धरावेत. मुलाखतीची वेळ बदलून दिलीत त्याबद्दल आभार.' वेळ खरोखरच बदलून दिली होती, त्याच्या सध्याच्या कंपनीत ऑडिट होतं म्हणून. एचआरचे आभार मानायचे तर असल्याच गोष्टीचे मानावेत. तेवढं त्यांना कोणी म्हणत नाही.

पत्त्यांचा प्रश्न राहिला. एचआरचा मेल आयडी असतोच. बाकीच्यांचा मुलाखतीच्या कॅलेंडर निमंत्रणात बहुतेक वेळा सापडतो, ऑनलाइन मुलाखत असेल तर हमखास. नसेल तर एचआरलाच लिहावं, 'खालच्या ओळी कृपया मॅडमना पोचवाव्यात.' कंपनीच्या पत्त्यांचा साचा बघून नाव-टिंब-आडनाव असा अंदाज बांधू नये. मेल भलत्याच आडनावबंधूला जातो, किंवा बरोबर पोचतो आणि 'माझा आयडी ह्याला कुठून मिळाला' असा प्रश्न उभा करतो. भाच्याच्या निमंत्रणात तिघंही होते. एचआरचा मेल त्याने मुलाखतीच्या तारखेच्या जुन्या मेलला उत्तर म्हणून पाठवला. त्यामुळे विषय शोधत बसावं लागत नाही आणि कोण, कुठली जागा, हे सगळं खाली लिहिलेलंच असतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं काय, हा आपल्याकडचा खास पेच. मुलाखतीची वेळ एचआरने व्हॉट्सअ‍ॅपवरच कळवलेली असते, त्यामुळे हात तिकडे जातो. एचआरला 'मुलाखत झाली, धन्यवाद' एवढी एक ओळ तिथे चालते. पॅनेलमधल्या कोणाचा नंबर कुठून मिळवून त्यांना मेसेज करू नये. हात जोडलेली चित्रं नकोत, आणि दुसऱ्या दिवशीपासून 'गुड मॉर्निंग' तर नकोच नको. लिंक्डइनवर त्याच रात्री तिघांना रिक्वेस्ट पाठवणारेही असतात. निकाल लागेपर्यंत मी ती स्वीकारत नाही, आणि न स्वीकारण्यात मलाच अवघडल्यासारखं होतं. उमेदवाराने पॅनेलला अवघडून टाकू नये.

वेळेबद्दल फार डोकं खाऊ नये. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. मुलाखत संपल्यावर रिक्षात बसून पाठवलेला मेल आधीच लिहून ठेवल्यासारखा दिसतो, आणि तीन दिवसांनी आलेला मेल कोणीतरी आठवण करून दिल्यासारखा. भाच्याने दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत पाठवले, कारण साडेनऊला प्रॉडक्शन मीटिंग सुरू झाली की प्लँटमधल्या माणसाला दुपारपर्यंत मेल दिसत नाही.

क्वालिटी मॅडमचं दुपारी उत्तर आलं, एका ओळीचं. सेक्शन बरोबर, पण एकच भाग कापू नका, वेगवेगळ्या कॅव्हिटीतले कापा, म्हणजे डायमधल्या वेगवेगळ्या साच्यांतून निघालेले. भाचा हरखला आणि लगेच परत उत्तर लिहायला बसला, आभार, शिवाय कॅव्हिटीवर आणखी एक परिच्छेद. मी म्हटलं, 'बरोबर आहे मॅडम, लक्षात ठेवीन' एवढं लिही आणि लॅपटॉप बंद कर. त्यांनी चर्चा संपवली होती. तिला पुन्हा फोडणी घालायची गरज नव्हती.

मग नेहमीचं सुरू झालं, म्हणजे शांतता. 'पुढच्या आठवड्यात कळवतो' असं एचआर म्हणालं होतं. तो आठवडा गेला. आतून बघणाऱ्याला ह्यात काही नवल वाटत नाही. पॅनेलचं झालं तरी जागेची मंजुरी वरून यायची असते, पगाराचा आकडा वित्त विभागाकडे अडकलेला असतो, सही करणारा साहेब परदेशी गेलेला असतो. ह्यातलं काहीच उमेदवाराशी संबंधित नसतं आणि ह्यातलं काहीच त्याला कोणी सांगत नाही. घरी बसलेला माणूस मात्र रोज आपल्या मेलमधला एकेक शब्द उसवून बघत बसतो.

आठवणीचा मेल लिहायला हरकत नाही. त्यांनी दिलेली मुदत संपल्यावर दोन-तीन कामाचे दिवस जाऊ द्यावेत, आणि फक्त एचआरला लिहावं, पॅनेलला नव्हे. त्यात पुन्हा आभार नकोत, ते मानून झालेत. पुन्हा अनुभव नको, तो सीव्हीत आहे. एक प्रश्न असावा, ज्याचं उत्तर एचआर एका ओळीत देऊ शकेल. 'काही अपडेट आहे का' हा तसा प्रश्न नाही, कारण त्याचं खरं उत्तर बहुधा 'नाही' असतं आणि 'नाही' लिहायला कोणाला आवडत नाही, म्हणून उत्तरच येत नाही. भाच्याने विचारलं, 'निर्णय ह्या महिन्यात अपेक्षित आहे की पुढच्या?' त्याचं उत्तर त्याच दिवशी आलं: पुढच्या. आपली परिस्थिती खरोखर बदलली असेल, दुसरीकडून ऑफर आली असेल आणि तिला उत्तर द्यायची तारीख असेल, तर ती तारीख सरळ सांगावी. खोटी ऑफर सांगून घाई करू नये. पुणं मोठं असलं तरी एचआरचं वर्तुळ लहान आहे, आणि 'ठीक आहे, ती घ्या' असं उत्तर आलं तर तोंडघशी पडायला होतं.

एका ठिकाणी मात्र हे सगळं शास्त्र गुंडाळून ठेवायचं. सरकारी, निमसरकारी, बँक, लोकसेवा आयोग, अशा ठिकाणच्या मुलाखतीनंतर पॅनेलमधल्या कोणालाही काहीही लिहायचं नाही. भरतीच्या जाहिरातीच्या अटींत बहुधा एक ओळ असतेच, की कोणत्याही प्रकारे शिफारस किंवा दबाव आणण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवारी रद्द होईल. तुमचा मेल निव्वळ आभाराचा आहे हे तुम्हाला माहीत. निवड मंडळाच्या सदस्याच्या दृष्टीने तो निकालाआधी उमेदवाराने साधलेला संपर्क असतो, आणि त्याची नोंद करायची वेळ त्याच्यावर येऊ शकते. तिथले आभार खोलीतून उठताना तोंडी मानले तेवढे पुरे. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला तिच्या वडिलांनी निवड समितीच्या अध्यक्षांना 'सौजन्याचं' पत्र लिहायला बसवलं होतं. वडील जुन्या वळणाचे, पत्र सुंदर होतं. ते पाठवलं गेलं नाही हे बरं झालं.

आणि हेही सांगून टाकते. आमच्याकडे उत्तम काम करणारे कितीतरी लोक असे आहेत ज्यांनी मुलाखतीनंतर एक ओळही पाठवली नव्हती. डिप्लोमा करून शॉप फ्लोअरवर घडलेल्या माणसाला ही पद्धत ठाऊकच नसते, आणि कोणी ती नाही पाळली म्हणून त्याचा कागद मी खाली सरकवत नाही. सरकवणारे असतील, पण कारखान्यात कमी. सांगण्यासारखं काही नसेल तर 'कालच्या वेळेबद्दल धन्यवाद' एवढं एचआरला लिहून गप्प बसणं हा चांगला पर्याय आहे. चार ओळी भरायच्या म्हणून भरलेल्या चार ओळी वाचताना लगेच कळतात.

पुढच्या महिन्यात नकार आला. साचेबंद, दोन ओळींचा. त्यांनी डाय कास्टिंगमध्ये जास्त वर्षं काढलेला माणूस घेतला होता. भाचा म्हणाला, 'आता कसलं उत्तर, संपलं की.' पण ह्या नकाराला दिलेलं उत्तर हा माझ्या मते सगळ्या पत्रव्यवहारातला सर्वांत उपयोगी मेल असतो, आणि तो जवळपास कोणीच लिहीत नाही. निवडलेल्या माणसालाही साठ किंवा नव्वद दिवसांची नोटीस असते. तेवढ्या काळात त्याची जुनी कंपनी पगार वाढवते, किंवा तिसरीच कुणी ऑफर देते, आणि रुजू व्हायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन बंद लागतो. असं झालं की एचआर नवी जाहिरात काढण्याआधी जुनी यादी उघडतं. यादीत दोघं-तिघं असतात, आणि त्यांतला ज्याने राग न धरता उत्तर दिलंय त्याला फोन करायला सोपं जातं.

त्याने लिहिलं, 'कळवल्याबद्दल धन्यवाद. कॅव्हिटीनुसार सेक्शन कापण्याची मॅडमची सूचना मी सध्याच्या कामात वापरली आणि उपयोग झाला, एवढं त्यांना सांगावं.' आणि तिथे थांबून माझ्याकडे बघायला लागला. त्याला एक वाक्य घालायचं होतं, पण माझ्या खुणांच्या धाकाने धीर होत नव्हता. मी म्हटलं, घाल. आता कुठला निर्णय अडलेला नाही, कोणावर दडपण येत नाही, आता मागितलेलं चालतं. मग त्याने खाली टाइप केलं: 'पुढे क्वालिटीत जागा निघाली तर माझा विचार करावा.' 'नम्र विनंती' मात्र त्याची त्यानेच गाळली.